पडद्याच्या कडेचे उजळ डाग आणि माझी घट्ट बॅग

मी टॉवेलची डिझाइनं करते. सोलापुरात भवानी पेठेत घर, आणि काम बहुतेक अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या दोन कारखान्यांचं. जकार्ड मागावर चालणाऱ्या डिझाइनचा ग्राफ लॅपटॉपवर काढायचा, शेड ठरवायच्या, आणि आठवड्यातून तीन-चार वेळा लॅपटॉप घेऊन स्कूटरवरून कारखान्यात जायचं. शेडचा एवढा संबंध असल्यामुळेच पडद्यातला दोष वेळेत माझ्या लक्षात आला असं वाटतं.

गेल्या एप्रिलची गोष्ट. क्रीम रंगाच्या जमिनीवर बदामी बॉर्डर असं एक डिझाइन मी कारखान्यातल्या मास्तरांना दाखवत होते. त्यांनी डोळे बारीक केले आणि पडद्याच्या वरच्या बाजूला बोट दाखवलं. "मॅडम, जमिनीला हितं दोन शेड धरलेत का?" मी एकच शेड भरली होती. पण ते म्हणत होते तिथं, डावीकडे वरच्या कडेजवळ, क्रीम खरंच जास्त उजळ दिसत होतं. मी डिझाइन खाली सरकवलं. क्रीम सरकलं, बॉर्डर सरकली, उजळपणा मात्र जागचा हलला नाही. तिथल्या तिथं स्क्रीनशॉट काढून मोबाइलवर पाठवला आणि उघडून पाहिला, तर मोबाइलवर जमीन एकसारखी होती. म्हणजे फाइल ठीक होती, ग्राफिक्सही ठीक होतं. डाग पडद्यातच होता.

घरी येऊन शोधाशोध केली, तेव्हा पहिल्यांदा हाती लागलेला शब्द होता 'बॅकलाइट ब्लीड'. कडेला उजळ ठिपके दिसतात, हा बनावटीतला दोष असतो, वगैरे. माझं सगळं जुळतंय असं वाटलं. लॅपटॉपला चौदा महिने झाले होते, जास्तीची वॉरंटी घेतलेली होती. रात्री दिवे बंद करून, पडदा काळा करून फोटो काढला. त्यात खालच्या डाव्या कोपऱ्यात पिवळसर उजेड धगधगताना दिसत होता. तो फोटो मी सर्व्हिस सेंटरला पाठवला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की एवढं ब्लीड मर्यादेत धरलं जातं, पॅनेल बदलून मिळणार नाही. मला राग आला, आणि उत्तर लिहायला बसले. लिहिता लिहिता एक गोष्ट खटकली. मास्तरांनी बोट ठेवलं होतं ते वरच्या कडेला, आणि मी फोटो पाठवला होता तो खालच्या कोपऱ्याचा.

तिथून पुढं मी हे नीट करायचं ठरवलं.

तीन कोऱ्या प्रतिमा तयार केल्या, 1920×1080 मापाच्या. एक पूर्ण काळी, `#000000`. एक मधली राखाडी, `#808080`. एक पांढरी, `#FFFFFF`. ब्राउझरमध्ये उघडून F11 दाबलं की पडदाभर तोच रंग. रात्री दहाला खोलीचं दार लावलं, खिडकीवर चादर टांगली, आणि डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून दहा मिनिटं नुसती बसले. मे महिना जवळ आलेला, खोली तापलेली, आई बाहेरून विचारत होती, "अगं, अंधारात काय करतीस?" पण ही दहा मिनिटं गाळली असती तर फिकट डाग दिसलेच नसते.

काळ्या पडद्यावर फक्त खालचा डावा कोपरा उजळ होता. वरची कड काळीच्या काळी. मग राखाडी लावला. खालचा कोपरा दिसेनासा झाला, आणि वरच्या कडेला डावीकडे दोन उजळ ठिपके उमटले. दोघांच्या मध्ये पुसटसा पट्टा. शिवाय वर उजव्या कोपऱ्यात एक बारीक कमान. ती मला आजवर दिसलीच नव्हती. पांढऱ्यावरही तेच डाग होते, जरा पुसट. म्हणजे माझ्या पडद्यावर दोन वेगळी दुखणी होती, आणि मी दोघांना एकच नाव देऊन बसले होते.

काळ्यावर दिसणारं पांढऱ्यावर का दिसत नाही, आणि पांढऱ्यावरचं काळ्यावर का नाही, हे समजून घ्यायला मला दोन दिवस लागले. सगळा निवाडा यावरच आहे, म्हणून सविस्तर सांगते.

एलसीडीचा पडदा स्वतः उजेड देत नाही. मागे एलईडीचा उजेड सतत चालू असतो, आणि पुढचा द्रव स्फटिकाचा थर तो अडवतो किंवा सोडतो. काळं दाखवायचं तेव्हाही तो पूर्ण अडवू शकत नाही. लॅपटॉपच्या चांगल्या आयपीएस जातीच्या पॅनेलमध्ये साधारण हजारातला एक भाग निसटतो. आता समजा पांढऱ्यावर पडद्याचा उजेड 250 निट आहे, निट हे उजेडाचं माप. मग काळ्यावर तो 0.25 निट. मागच्या उजेडातच एखादी जागा वीस टक्क्यांनी जास्त उजळ झाली, तर पांढऱ्यावर तिथं 300 दिसेल, आणि डोळा ते पकडेल. काळ्यावर मात्र 0.25 च्या जागी 0.30 होईल. तेवढा फरक अंधारातही सहज दिसत नाही. उलट, कडेच्या फटीतून किंवा ताणलेल्या काचेतून नुसता अर्धा निट उजेड निसटला, तर काळ्यावर 0.25 च्या शेजारी 0.75 होतो, तिप्पट. कोपरा पेटल्यासारखा दिसतो. तोच अर्धा निट पांढऱ्यावरच्या 250 मध्ये बुडून जातो. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, पण हिशेबाची दिशा हीच.

म्हणजे काळ्यावर दिसतं ते बहुधा निसटलेल्या उजेडाचं, म्हणजे ब्लीडचं, आणि राखाडी-पांढऱ्यावर दिसतं ते मागच्या उजेडाच्या थरांत काहीतरी दबल्याचं. बहुधा म्हणते, कारण जोराचा दाब काचेलाही वाकवतो आणि मग एकाच जागी दोन्ही दिसू शकतं. माझ्याकडे सुदैवानं दोन्ही वेगळ्या जागी होती.

काळ्यावर दिसणारी आणखी एक गोष्ट फसवते. आयपीएस पडद्याला कोपऱ्यांत मुळातच थोडी चमक असते. ती ओळखायला डोकं हलवायचं. मी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, हातभर मागे सरकून पाहिलं. उजव्या खालच्या कोपऱ्यातली हलकी चमक माझ्याबरोबर सरकली, मागे गेल्यावर विरली. ती पडद्याच्या जातीची. डावीकडचा पिवळसर डाग मात्र कुठूनही पाहिला तरी त्याच जागी, त्याच आकाराचा. तो खरा ब्लीड. आणि तो पहिल्या दिवसापासून होता, याचा पुरावा माझ्याच मोबाइलमध्ये निघाला. लॅपटॉप घेतला त्या संध्याकाळी तो सुरू होतानाचा फोटो मी बहिणीला पाठवला होता, काळ्या पडद्यावर मधोमध कंपनीचं चिन्ह. त्या फोटोत खाली डावीकडे तोच उजेड आहे.

फोटोबद्दल एक सांगते. मोबाइल अंधारात आपणहून एक्सपोजर वाढवतो, त्यामुळे डोळ्याला जेमतेम दिसणारा ब्लीड फोटोत वणव्यासारखा येतो. सर्व्हिस सेंटरला पाठवलेला माझा फोटो असाच होता. नंतरचे सगळे फोटो मी मोबाइलच्या पडद्यावर बोट दाबून धरून एक्सपोजर लॉक करून, आणि लॅपटॉपचा ब्राइटनेस दर वेळी एकच ठेवून काढले. तुलना करायची तर एवढं हवंच.

आता वरच्या कडेचे डाग. ते दाबाचे असतील तर दाब कशाचा? संशय बॅगेवर गेला. माझी बॅग चौदा इंची लॅपटॉपसाठीची आहे, आणि माझा लॅपटॉप 15.6 इंची. आधीच्या लॅपटॉपची बॅग चांगली होती म्हणून तीच चालवली. चेन लावताना गुडघ्यानं दाबावं लागायचं. पुढच्या कप्प्यात चार्जर, त्यावर घडी घातलेली टॉवेलची सॅम्पलं, सुताचं शेडकार्ड. स्कूटरवर ती बॅग पायांपाशी उभी ठेवायची आणि नडग्यांनी धरून ठेवायची. म्हणजे प्रत्येक ब्रेकला माझा पाय चार्जरवर आणि चार्जर लॅपटॉपच्या झाकणावर.

पण जुळेना. चार्जर कप्प्याच्या तळाशी बसतो आणि डाग तर पडद्याच्या वरच्या कडेला. मी चार्जरला निर्दोष धरून मोकळी झाले होते. दुसऱ्या दिवशी बॅगेतून लॅपटॉप काढताना हाताकडे लक्ष गेलं. मी लॅपटॉप नेहमी बिजागरीच्या बाजूनं धरून काढते, कारण ती बाजू जाड आणि पकडायला बरी. म्हणजे बॅगेत बिजागरी वर असते, आणि पडद्याची वरची कड तळाला. चार्जर बसतो तिथंच.

तरी अंदाजावर सोडायचं नव्हतं. राखाडी पडदा लावून टेपनं मापं घेतली, टेप पडद्याला न टेकवता. पडदा 34.5 बाय 19.4 सेंटिमीटर. पहिला ठिपका डाव्या कडेपासून 6 सेंटिमीटरवर, दुसरा 16 वर, दोन्ही वरच्या कडेपासून दोन-अडीच सेंटिमीटर खाली. कमान उजव्या कोपऱ्यात, साधारण 3 सेंटिमीटर लांब. हे सगळं ग्राफ पेपरवर उतरवलं. मग चार्जर मोजला. लांबी साडेदहा.

पुढचा प्रयोग लॅपटॉपवर करायचा नव्हता, कारण तपासण्यासाठी पुन्हा तोच दाब देणं बरोबर नाही. पुठ्ठे एकावर एक चिकटवून लॅपटॉपच्या लांबी-रुंदी-जाडीचा ठोकळा केला. त्याच्या एका बाजूवर पांढरा कागद लावला आणि त्यावर चलन बुकातला कार्बन, काळी बाजू कागदाकडे. एका कडेवर 'बिजागरी' असं लिहिलं. ती कड वर करून ठोकळा बॅगेत घातला, पुढचा कप्पा रोजच्यासारखा भरला, गुडघा टेकवून चेन लावली आणि अक्कलकोट रोडला जाऊन आले. येताना मुद्दाम रोजच्याच खड्ड्यांच्या बाजूनं आले.

कार्बन काढला, तर कागदावर खाली डावीकडे दोन काळे डाग होते. अंतर मोजलं, दहा सेंटिमीटर. उजव्या खालच्या कोपऱ्यात एक वाकडी रेघ, बॅगेच्या तळाच्या जाड गोटाची. तशी रेघ डाव्या कोपऱ्यात का नाही, हे बॅग पाहिल्यावर कळलं. डावीकडची शिवण आधीच उसवून सैल झाली होती. कागद माझ्या ग्राफवर ठेवला तर डाग उलटे पडले, हे खाली आणि ते वर. मग आठवलं, की कागदावरची खूण झाकणाच्या बाहेरून आहे, तीही बिजागरी वर असताना, आणि ग्राफ पडद्यासमोरून. कागद खालची कड वर येईल असा पालथा केला, ग्राफवर ठेवला आणि दोन्ही खिडकीच्या उजेडावर धरले. दोन ठिपके दोन ठिपक्यांवर बसले, कमान कमानीवर.

कागदावर एक डाग जास्तीचा होता, मधोमध, शेडकार्डच्या रिंगचा. पडद्यावर त्या जागी काहीच नाही. शेडकार्ड मी महिनाभरापूर्वीच त्या कप्प्यात ठेवायला लागले होते. ते लगेच बाहेर काढलं.

हे सगळं घेऊन नवी पेठेतल्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांनी कागद पाहिला, पडदा तीन रंगांत पाहिला आणि म्हणाले, "ताई, खालचं थोडं कमी करून देतो. वरचं नाही जाणार. का ते दाखवतो." फळीवर एक फुटकं पॅनेल होतं. ते त्यांनी माझ्यासमोर उलगडलं. काच बाजूला केली. त्याखाली दुधी आणि बारीक रेघांचे पातळ पापुद्रे, पाण्याच्या थेंबानं चिकटतील इतके हलके. त्याखाली ॲक्रिलिकची पारदर्शक पाटी, आणि सगळ्यात मागे पांढरा चकचकीत कागद. ॲक्रिलिकच्या पाठीवर उजेडाकडे धरल्यावर बारीक ठिपक्यांची जाळी दिसली. एलईडी फक्त खालच्या कडेला ओळीनं असतात. त्यांचा उजेड या पाटीतून आडवा पळतो, आणि जिथं ठिपका लागतो तिथून पुढे बाहेर पडतो. ठिपक्यांची दाटी अशी ठरवलेली असते, की सगळीकडे सारखा उजेड यावा.

त्यांनी एलईडीची पट्टी पेटवली, पाटी आणि मागचा पांढरा कागद एकत्र धरला आणि मागून अंगठा दाबला. अंगठ्याच्या जागी पुढे उजळ डाग उमटला. काढला की गेला. "एकदा दाबलं तर परत येतं. रोज दाबलं की कागदाला पोचा पडतो, नाहीतर तो पाटीला चिकटून बसतो. मग तो डाग तुमचा कायमचा." झाकण पातळ असतं, बाहेरचा दाब थेट त्या कागदावर जातो. त्यामुळे काच न फुटता, एक पिक्सेल न मरता डाग पडतो. काळे-जांभळे पसरणारे डाग किंवा रेघा आल्या तर ते वेगळं, तेव्हा पुढची काच किंवा द्रव स्फटिक गेलेलं असतं.

पापुद्रे बदलता येतात का, हे विचारलं. येतात, पण आत एक धुळीचा कण गेला तरी तो पांढऱ्यावर कायम दिसतो, आणि बंद खोलीशिवाय ते धड होत नाही, असं म्हणून त्यांनी स्वतःहून नको सांगितलं. मागून किंवा पुढून बोटानं चोळून डाग काढण्याचे व्हिडिओ दिसतात, त्यांनाही हात लावू नका म्हणाले. पोचा चोळून सपाट होत नाही, नवा मात्र पडतो.

खालच्या कोपऱ्यातल्या ब्लीडवर त्यांनी काम केलं. आधी मागचं कव्हर उघडून बॅटरीची पिन काढली, कारण पॅनेलच्या केबलमधून बॅकलाइटचा पुरवठाही जातो, आणि चालू असताना ती हलली तर बोर्डावरचा फ्यूज उडू शकतो. मग पडद्याभोवतीची पट्टी प्लास्टिकच्या पातळ पात्यानं उचकली. खाली डावीकडचा स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळलेला होता. तो पाऊण फेरा सैल केला आणि पट्टीची एक खिट्टी नीट बसवली. दुकानाचं शटर अर्धं ओढून काळा पडदा पाहिला, तर उजेड निम्म्यावर आला होता. पूर्ण गेला नाही. आणखी सैल केलं तर पॅनेल हलेल म्हणून तिथंच थांबले. दीडशे रुपये घेतले.

पॅनेल बदलायचं तर साडेपाच हजार, असं सांगून त्यांनी पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलाचा नंबर माझ्या वहीत उतरवून दिला. आकार सारखा असला तरी केबलच्या पिना 30 का 40, आणि स्क्रूच्या पट्ट्या आहेत का नाहीत, हे त्या नंबरावरून ठरतं, त्यामुळे नुसतं '15.6 इंची' सांगून मागवायचं नाही.

सर्व्हिस सेंटरला लिहिलेलं अर्धं पत्र मी पाठवलं नाही. ब्लीड त्यांच्या मर्यादेत होता, आणि वरचे डाग माझ्या बॅगेनं पाडले होते, ते माझ्याच कागदावर उमटलेलं होतं.

पॅनेल अजून बदललं नाही. शेड ठरवताना डिझाइन पडद्याच्या मधोमध घेते, आणि शेवटची शेड तशीही सुताच्या कार्डावरच पक्की करते. बॅग बदलली, सोळा इंची घेतली. चार्जर आता वेगळ्या पिशवीत, स्कूटरच्या डिकीत जातो. बॅग पाठीवर असते, आणि लॅपटॉपचं झाकण पाठीच्या बाजूला. पुढच्या कप्प्यात फक्त टॉवेलची सॅम्पलं, तीही सुटी.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी रात्री राखाडी पडदा लावते, त्याच ब्राइटनेसवर, आणि ग्राफ पेपर शेजारी ठेवून मापं ताडून पाहते. आतापर्यंत चार तारखा लिहिल्यात. सहावर एक, सोळावर एक, कोपऱ्यात कमान. मधोमध, शेडकार्डच्या रिंगच्या जागी, अजून काही नाही.